‘कुठले पाटील?’ विचारायच्या आधी

“हा सचिन, ही मेघना. बोला तुम्ही, मी आलोच.” दोन मित्रांची गाठ घालून देताना आपल्याकडे बहुतेक जण एवढंच म्हणतात आणि पाणी आणायला, नाहीतर दुसऱ्या पाहुण्यांना बसवायला निघून जातात. मागे राहिलेल्या दोघांचं बोलणं पुढे कुठल्या वळणाने जाणार, हे जवळपास ठरलेलं असतं. नमस्कार होतो. क्षणभर शांतता पसरते. मग दोघांतला वयाने मोठा किंवा जरा धीट असलेला विचारतो, “आडनाव काय आपलं?” “पाटील.” “कुठले पाटील?”

या शेवटच्या प्रश्नात गावाचं नाव विचारल्यासारखं वाटतं, पण बऱ्याचदा गाव नुसता आडपडदा असतो. पाटील हे मुळात वतनाचं नाव आहे. मराठा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी, लेवा अशा कितीतरी समाजांत ते आडनाव आहे, मुसलमानांतही आहे. त्यामुळे नुसत्या ‘पाटील’ने विचारणाऱ्याचा उलगडा होत नाही. गाव, तालुका, मग “आमच्याकडचे अमुक तुमचे कोण?” असं करत तो हव्या त्या उत्तरापर्यंत पोचतो. ‘-कर’ लागलेल्या आडनावात गाव आधीच सांगितलेलं असतं, म्हणून तिथे चौकशी एक पायरी पुढून सुरू होते. विचारणारा दर वेळी दुष्ट हेतूने विचारतो असं मी म्हणत नाही. अनोळखी माणसाशी काय बोलायचं हे सुचत नाही, तेव्हा माणूस पाठ असलेले प्रश्न विचारतो, आणि आपल्या तोंडी बसलेले प्रश्न हे असे आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं, की या प्रसंगाची जबाबदारी त्या दोघांवर टाकू नये. ती ओळख करून देणाऱ्याची आहे. दोघांनाही ओळखणारा तिथे तो एकटाच असतो. दोघांमध्ये सामायिक काय आहे हे फक्त त्यालाच माहीत असतं. ते न सांगता तो नुसती नावं टाकून निघून गेला, तर जात हुडकण्याची वाट त्यानेच मोकळी करून दिली असं होतं. मित्रांची ओळख करून देताना पहिलं नाव आणि दोघांमधला एक धागा एवढंच सांगावं. आडनाव ज्याचं त्याला, हवं तेव्हा, सांगू द्यावं.

नुसती नावं सांगण्यात दुसराही एक तोटा आहे. नावं ध्यानातच राहत नाहीत. 1973 साली माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने गोलात बसलेल्या लोकांना आळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले. आपली पाळी येण्याच्या अगदी आधी दुसऱ्याने वाचलेले शब्द लोकांना सर्वांत कमी आठवले, कारण त्या वेळी मन आपल्या पाळीच्या तयारीत गुंतलेलं असतं. ओळख करून देताना नेमकं हेच होतं. “ही मेघना” हे शब्द कानावर पडतात तेव्हा सचिन हात जोडायचे की पुढे करायचा, याच विचारात असतो. म्हणून नाव दोनदा यायला हवं: एकदा ओळख करून देताना, आणि पुन्हा मिनिटाभराने, सहज, वाक्याच्या ओघात.

1987 साली इंग्लंडमध्ये झालेला आणखी एक प्रयोग या संदर्भात उपयोगी आहे. एकाच चेहऱ्याबरोबर काही जणांना ‘हे बेकर, म्हणजे यांचं आडनाव बेकर’ असं सांगितलं आणि काही जणांना ‘हे बेकर, म्हणजे हे पाव भाजतात’ असं. शब्द तोच, पण कामधंदा म्हणून ऐकलेला शब्द आडनाव म्हणून ऐकलेल्या शब्दापेक्षा जास्त लक्षात राहिला. कामाच्या शब्दाला भट्टी, पीठ, पहाटेची वेळ असं काहीतरी चिकटून येतं. आडनावाला काही चिकटत नाही. आपल्याकडे मात्र सुतार किंवा कुंभार या आडनावांना खूप काही चिकटून येतं, आणि त्यात लाकूडही नसतं, मातीही नसते. मराठी कानाला आडनाव कोरं ऐकूच येत नाही. माणसाचं काम, छंद, सध्या तो ज्यात गुंतलाय ती गोष्ट सांगितली, तर ऐकणाऱ्याच्या मनात चिकटायला दुसरं काहीतरी मिळतं.

आता हा धागा निवडायचा कसा, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पुण्यात तुमच्या घरी वास्तुशांतीचं जेवण आहे. वैशाली बँकेत कर्जविभागात आहे आणि गेली दोन वर्षं दर रविवारी मोडी शिकतेय. सादिक मूळचा म्हसळ्याचा, पनवेलला लिफ्ट बसवण्याचं काम करतो. आजोबांच्या पेटीतले जुने कागद त्याने बाहेर काढलेत आणि एकेक घडी उलगडून ते तो वह्यांखाली दाबून सपाट करतोय. दोघंही तुमचे जुने मित्र, पण एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.

पहिल्यांदा सुचणारा धागा सहसा चुकीचा असतो. “वैशाली, तुला मोडी येतं ना? मग याचे कागद वाचून दे!” ऐकायला झकास, कारण एकाला गरज आणि दुसरीकडे विद्या. पण एवढ्या एका वाक्याने वैशालीच्या अंगावर फुकटचं काम पडतं आणि सादिक मागणारा होतो. मोडी कागद वाचणं म्हणजे पाच मिनिटांचं काम नव्हे. पानाप्रमाणे पैसे घेऊन लिप्यंतर करून देणारे जाणकार असतात, ते उगाच नाही. अशा ओळखीनंतर वैशाली पुढच्या भेटी टाळते, आणि तिचं काय बिनसलं हे तुम्हाला कळतही नाही. डॉक्टर मित्र आणि गुडघे दुखणारा मित्र, वकील मैत्रीण आणि भाऊबंदकीची केस चाललेला मित्र यांच्याबाबत हीच चूक रोज होते.

दुसरा सुचणारा धागा फार रुंद असतो. “दोघांनाही इतिहासाची आवड आहे.” यावर दोघं “हो का? वा!” म्हणतात आणि बोलणं तिथेच थांबतं. शिवाय महाराष्ट्रात ‘इतिहास’ एवढा एकच शब्द मध्ये ठेवणं म्हणजे दोघांना कुठल्या बाजूचे हे सांगायला लावणं. ‘फिरायची आवड’, ‘वाचनाची आवड’ यांची गतही तीच. धागा अरुंद हवा. इतका, की त्यावर विचारलेल्या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर देताच येऊ नये.

या दोघांमधली खरी सामायिक गोष्ट म्हणजे जुना कागद हातात धरल्यावर येणारी अडचण. मोडीत लिहिणारा आधी ओळीवर सलग रेघ ओढतो आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जातो. दोन शब्दांत जागा सोडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाही. त्यामुळे अक्षरं ओळखता आली तरी एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे शिकणाऱ्याला कळत नाही. सादिकला अक्षरंच कळत नाहीत, पण घडीवर कागद कसा फाटतो, शाई कुठे फिकी पडते, हे त्याने हाताळून पाहिलंय. वैशालीने ते पाहिलेलं नाही, कारण ती वर्गात झेरॉक्सवर शिकते. म्हणजे तिच्याकडे सांगायला काही आहे आणि त्याच्याकडेही आहे. दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचा शिक्षक होत नाही. धागा बरोबर निवडलाय की नाही, हे मी तरी यावरूनच ठरवतो.

पण तो बोलून दाखवण्यापूर्वी दोघांना एकेकटं विचारायला हवं. सादिकला फोनवर एवढंच: “तुझ्या पेटीतल्या कागदांचं सांगू का तिला?” जुने कागद म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे घरातल्या भानगडी. कदाचित त्याला त्याची वाच्यता नको असेल. तो नको म्हणाला तर दुसरा धागा शोधायचा. आजारपण, घटस्फोट, नोकरी जाणं, मूल नसणं या गोष्टी दोघांमध्ये कितीही सारख्या असल्या तरी ओळख करून देताना त्यांचा उच्चार करू नये. “यालाही तुझ्यासारखंच शुगर आहे” हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं, आणि ते ऐकणारे दोघंही त्या क्षणी कानकोंडे होतात.

आता प्रत्यक्ष ओळख. आधी नमस्कार. दोघांनाही सारख्याच शब्दात करायचा आणि तो तुम्ही स्वतः आधी करायचा. “अगं, याला सलाम कर” किंवा “यांना जय भीम म्हणतात बरं का” असं आपल्या मित्राच्या वतीने अभिवादन सुचवणं ही आपल्याकडची मोठी चूक आहे. कौतुकाने केलं तरी माणूस त्याने गटाचा नमुना होऊन बसतो. कोणाला काय म्हणायचं ते तो म्हणेल. सादिक नमस्कार म्हणेल, सलाम म्हणेल, नुसता हसेलही, त्याचा प्रश्न.

मग वाक्यं. “वैशाली, हा सादिक. म्हसळ्याच्या घरचे जुने कागद घड्या उलगडून सपाट करतोय सध्या. सादिक, ही वैशाली. दोन वर्षं मोडी शिकतेय. मोडीत शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत म्हणे. मग फाटक्या घडीवर शब्द आला तर तो ओळखायचा कसा, हे मला तुम्हा दोघांकडून ऐकायचंय.” प्रत्येकाविषयी एकच वाक्य, आणि शेवटी दोघांनाही उत्तर देता येईल असा एक प्रश्न. बँक नाही, लिफ्ट नाही, पद नाही, कौतुक नाही. “ही म्हणजे मोडीतली अथॉरिटी” असं म्हटलंत, तर वैशालीचा पुढचा सगळा वेळ “छे छे, तसं काही नाही” म्हणण्यात जातो आणि सादिक गप्प होतो.

या वाक्यांत ‘हा’ आणि ‘ही’ आहे, हे मुद्दाम. “या वैशालीताई, आणि हा सादिक” असं म्हटलं असतं, तर एका शब्दाने ती वर आणि तो खाली गेला असता, आणि ती पातळी पुढे कित्येक महिने हलली नसती. मराठीत माणसाला कुठे बसवायचं हे नावाआधीच्या सर्वनामातच ठरतं. दोघं साधारण एका वयाचे असतील तर हा-ही, नाहीतर हे-या. पण दोघांना एकच माप. एकाला ‘अहो’ आणि दुसऱ्याला ‘अरे’ अशी तुमची जुनी सवय असेल, तर ओळख करून देण्यापुरती ती बाजूला ठेवा. वयात पंधरा-वीस वर्षांचं अंतर असेल, तर धाकट्यालाही तेवढा वेळ ‘हे’ म्हणायला हरकत नाही. मोठा माणूस आपणहून “अरे, एकेरीच म्हण” असं म्हणेल. कामवाल्या मावशी, रिक्षावाले काका यांची आपल्या मित्रांशी ओळख करून देण्याची वेळ आली की हे माप हमखास ढळतं, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

मराठीने दिलेली दुसरी सोय म्हणजे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर ‘आपण’, वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. पुष्कळ भाषांना हा भेद एका शब्दात दाखवता येत नाही. ओळख करून देणाऱ्याचा पाय घसरतो तो इथे. “आम्ही कॉलेजात असताना एकदा...” असं तुम्ही वैशालीकडे बघून सुरू करता आणि सादिक त्या वाक्याच्या बाहेर उभा राहतो. पहिली दहा मिनिटं तरी जुन्या आठवणी बंद. वाक्यात ‘आम्ही’ आलं की तिथेच वळायचं: “आपण जेवायला बसू या का?”

प्रश्न विचारून झाला की तिथे दोन-तीन मिनिटं थांबायचं. त्याहून जास्त थांबणंही वाईट. दोघं बोलतात एकमेकांशी, पण बघतात तुमच्याकडे, म्हणजे वाक्य तुमच्यामार्फत फिरतंय. तसं दिसलं तर उत्तर देऊ नका, दुसऱ्याकडे मान वळवा. “कागद कशाखाली दाबतोस?” असा प्रश्न वैशालीने थेट सादिकला केला, की तुमचं काम झालं. आता जा पाणी आणायला.

बिघडण्याचा एक प्रकार वेगळा सांगायलाच हवा, कारण तो या उदाहरणात हटकून घडतो. सादिकचं नाव ऐकून शेजारचं कोणीतरी म्हणतं, “मराठी छान बोलता हो तुम्ही!” म्हणणाऱ्याला ही स्तुती वाटते. कोकणातल्या ज्या माणसाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या इथलीच बोली आहे, त्याला मात्र त्यातून कळतं की त्याला अजून पाहुणाच समजतात. अशा वेळी तिथे भाषण देऊ नये, आणि “अहो, तो इथलाच आहे” अशी वकिलीही करू नये, कारण तेव्हाही चर्चेचा विषय सादिकच राहतो. विषय कागदाकडे वळवावा: “सादिक, ती शाई फिकी पडलेली दाखव ना फोनवर.” धागा आधीच हातात असला तरच हे जमतं. नसला तर सगळे गप्प होतात आणि ती स्तुती तशीच हवेत राहते.

या सगळ्यावर एक आक्षेप मला वजनदार वाटतो. गाव विचारणं म्हणजे जात विचारणंच असं कसं म्हणता? मुंबईच्या गिरणगावात एकेका गावाच्या मंडळांच्या खोल्या होत्या. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार गावाच्या नावावरच तिथे वळकटी टाकायला जागा मिळवायचा. परगावी “कुठले तुम्ही?” या प्रश्नाने कित्येकांना आधार दिलाय, आजही दुबईला किंवा बंगळुरूला गेलेल्या माणसाला आपल्या तालुक्याचा माणूस भेटला की बरं वाटतं. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण गिरणगावातल्या गाववाल्याने जागा देऊ केली होती. त्यासाठी त्याने विचारलं. वास्तुशांतीच्या जेवणात विचारणाऱ्याकडे देऊ करायला काही नसतं. त्याला फक्त समोरच्याला कुठल्या खणात ठेवायचं ते हवं असतं. शिवाय गाव हाच खरा धागा असेल, दोघंही एकाच खोऱ्यातले असतील, तर ओळख करून देणाऱ्यानेच तो सांगावा: “दोघंही सावित्रीच्या काठचे.” मग त्यावर नदीचं बोलणं निघतं, पुराचं निघतं, “आमच्याकडचे अमुक तुमचे कोण?” याला जागा राहत नाही.

दुसरा आक्षेप दुसऱ्या टोकाचा. आडनाव गाळलं म्हणजे जात जाते का? नाही जात. आणि काहींना ती ओळख लपवायचीही नसते. कामठीच्या बाबू हरदास यांच्याशी ज्याची सुरुवात जोडली जाते, तो ‘जय भीम’ हा नमस्कार म्हणजे आपणहून, मान वर करून सांगितलेली ओळख आहे. पण सांगणं आणि काढून घेणं यांत फरक आहे. ‘जय भीम’ म्हणणारा स्वतः ठरवतो कुठे, कोणापुढे म्हणायचं. “कुठले पाटील?” मध्ये ठरवणारा दुसराच असतो. मी आडनाव दडवायला सांगत नाही. दुसऱ्याचं आडनाव सांगण्याचा हक्क तुम्ही स्वतःकडे घेऊ नका, एवढंच म्हणतो. बायकांच्या बाबतीत तर हे फारच लागू आहे. “या मिसेस देशमुख” म्हणून ज्यांची ओळख झाली, त्यांचं नाव त्या घरातल्या कोणालाही शेवटपर्यंत कळत नाही.

वारीत अनोळखी माणसं समोरासमोर आली की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात, ‘राम कृष्ण हरी’ म्हणतात. वारीत सगळे भेद पुसले जातात असा माझा दावा नाही. पण तिथे नमस्कारातच सामायिक गोष्ट आधी येते आणि ‘तू कोण?’ नंतर, हा क्रम बघण्यासारखा आहे. आपण घरात नेमका उलटा क्रम लावतो.

जेवणं आटोपून मंडळी निघताना दाराशी फोन बाहेर येतात. “नंबर दे ना. काय नावाने सेव्ह करू?” आडनाव विचारण्याची नैसर्गिक वेळ ही, आणि इथे ते विचारण्यात गैर काहीच नाही. पण धागा नीट दिला गेला असेल तर बहुतेक वेळा तेही विचारलं जात नाही. वैशालीच्या फोनमध्ये तो ‘सादिक म्हसळा कागद’ असतो, त्याच्या फोनमध्ये ती ‘वैशाली मोडी’.